डिस्चार्ज समरीतला 'एमआय' : बेळगावहून जर्मनीला गेलेल्या एका रुग्णाच्या कागदांचा अनुवाद

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, कामाचे ठिकाण आणि काही तपशील बदलले आहेत. औषधे, मात्रा आणि कागदावरचे घोटाळे बदललेले नाहीत.)

पार्श्वभूमी

रुग्ण सेहेचाळीस वर्षांचा, खानापूर तालुक्यातला, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी सेटर. दक्षिण जर्मनीतल्या एका कंपनीत नोकरी पक्की झाली, व्हिसा आला, आणि जायला पाच आठवडे उरले असताना छातीत दुखू लागले म्हणून बेळगावच्या एका रुग्णालयात भरती करावे लागले. हृदयाच्या समोरच्या भिंतीचा झटका निघाला. त्याच दिवशी अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. मधुमेह आठ वर्षांपासूनचा होता. रुग्णालयात साखर आटोक्यात येईना म्हणून गोळ्यांऐवजी इन्सुलिन सुरू केले. पाचव्या दिवशी घरी सोडले. जर्मन कंपनीने रुजू होण्याची तारीख महिनाभर पुढे ढकलली.

हातात आलेले कागद तीन भाषांतले होते, आणि सीमाभागात त्यात नवल काही नाही. डिस्चार्ज समरी इंग्रजीत, तीन पानी, छापील. वॉर्डातल्या सिस्टरने इन्सुलिनच्या वेळांची एक चिठ्ठी कन्नडमध्ये लिहून दिली होती. रुग्णाच्या पत्नीने वहीच्या पानावर मराठीत स्वतःचे वेळापत्रक केले होते, आणि घरात औषधे दिली जात होती ती त्या वहीवरून.

अनुवादक बेळगावातच इंग्रजी आणि मराठीतून जर्मनमध्ये काम करणारी. तिच्या जोडीला तपासणीसाठी एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, ज्याला कन्नड उत्तम वाचता येत होते. काम हाती आले तेव्हा विमानाला अकरा दिवस होते.

अडचण

घरच्यांची मागणी सोपी होती: 'तीन पाने जर्मनमध्ये करून द्या आणि नोटरीचा शिक्का मारून द्या.' शिक्क्याचा विषय लगेच मिटवला. नोटरी फार तर सही कोणाची किंवा प्रत खरी की नाही एवढे सांगेल. गोळीचे नाव बरोबर आहे की नाही हे त्याच्या शिक्क्याने कळत नाही. जर्मन सरकारी कार्यालयात अनुवाद द्यायचा असेल तर तिकडच्या न्यायालयाने मान्य केलेल्या शपथबद्ध अनुवादकाचा लागतो. इथे वाचणारा होता तो तिकडचा डॉक्टर, आणि त्याला शिक्क्यापेक्षा मजकुराशी काम.

खरी अडचण मजकुरातच होती. निदानाच्या रकान्यात एकही पूर्ण शब्द नव्हता. 'के/सी/ओ डीएम, एचटीएन. एसीएस – एडब्ल्यूएमआय. सीएजी: एसव्हीडी. एस/पी पीटीसीए + डीईएस टू एलएडी. माइल्ड एमआर. एलव्हीईएफ ४५%.' बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापुरातला कुठलाही डॉक्टर हे एका दमात वाचेल. पण यातली काही लघुरूपे सीमा ओलांडली की अर्थ बदलतात.

सगळ्यात वाईट जोडी 'एमआय' आणि 'एमआर' यांची. आपल्याकडे एमआय म्हणजे हृदयाचा झटका. एमआर म्हणजे मायट्रल झडपेतून रक्त मागे गळणे. जर्मन हृदयरोगतज्ज्ञ झडपेच्या त्या गळतीला 'मिट्रालइन्झुफित्सिएन्झ' म्हणतात आणि तिचे लघुरूप एमआय करतात, तर एमआर म्हटले की त्यांना एमआरआयची तपासणी आठवते. लघुरूपे आहेत तशीच उचलली असती, तर झटक्याच्या जागी झडपेचा आजार वाचला जाण्याची शक्यता होती आणि खरा झडपेचा उल्लेख कुठल्यातरी तपासणीत हरवला असता. पुढे स्टेंटची नोंद असल्यामुळे सावध वाचणाऱ्याला संशय आला असता, पण पाच मिनिटांत रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरकडून तेवढी अपेक्षा धरून काम करता येत नाही. 'एसव्हीडी' ही एकाच रक्तवाहिनीतल्या अडथळ्याची खूण. हीच तीन अक्षरे प्रसूतीच्या कागदावर नैसर्गिक बाळंतपणासाठी वापरतात.

औषधांची यादी आठ ओळींची होती, सगळी ब्रँडच्या नावांनी. ब्रँडचे नाव देशाबाहेर नेले की त्याची खात्री उरत नाही. अमेरिकेत फ्लोमॅक्स या नावाने टॅमसुलोसिन मिळते, प्रोस्टेटच्या त्रासावरचे. इटलीत त्याच नावाने मॉर्निफ्लुमेट हे सूज उतरवणारे औषध विकले जायचे. म्हणून ब्रँड कंसात ठेवायचा आणि औषधाचे आंतरराष्ट्रीय जेनेरिक नाव, म्हणजे आयएनएन, मुख्य ठेवायचे, हा या कामातला पहिला नियम.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. जर्मनीतल्या बऱ्याच डॉक्टरांना इंग्रजी येते, मग इंग्रजी समरीच का नेऊ नये? हा विचार चुकीचा नव्हता. पण अडचण इंग्रजीची नव्हतीच. समरी भारतीय दवाखान्याच्या बोलीत लिहिलेली होती, आणि ती इंग्रजी येणाऱ्याला समजतेच असे नाही.

दुसरा पर्याय शब्दशः अनुवादाचा: वाक्ये जर्मन, लघुरूपे आणि औषधे जशीच्या तशी. वेळ दीड दिवस, खर्च कमी, आणि 'मूळ कागदाला हात लावला नाही' असे म्हणायची सोय. वर सांगितलेला एमआयचा घोटाळा याच वाटेने होतो.

तिसरा पर्याय असा की प्रत्येक लघुरूप पूर्ण शब्दात उलगडायचे, प्रत्येक औषध आयएनएन, क्षार, गोळीचा प्रकार आणि ताकद यांसह लिहायचे, शंका रुग्णालयाला विचारायच्या आणि मूळ इंग्रजी प्रत सोबत जोडायची. अनुवादकाने हाच धरला. यात तिने एक अट घातली, आणि पुढे सगळे त्या अटीभोवती फिरले: मूळ कागदात चूक दिसली तर अनुवादात ती दुरुस्त करायची नाही. चूक दाखवायची, दुरुस्ती रुग्णालयाकडून लेखी आणायची, मग त्या दुरुस्त कागदाचा अनुवाद करायचा. ही अट घरच्यांना वेळकाढूपणाची वाटली. पण अनुवादक स्वतःच्या समजुतीने एक गोळी गाळू लागली, तर पुढे तिचा अनुवाद आणि मूळ कागद जुळत नाहीत, आणि कुठला खरा मानायचा हे तिकडच्या डॉक्टरला कळायला मार्ग राहत नाही.

काय केले

सुरुवात औषधांच्या पाकिटांपासून झाली. पत्नीला सांगितले की यादी बाजूला ठेवा, घरातली प्रत्येक स्ट्रिप पालथी करून मागच्या बाजूचा फोटो पाठवा, मेडिकलचे बिलही पाठवा. कापलेल्या स्ट्रिपवर नाव अर्धेच उरते, म्हणून दोन औषधांसाठी मेडिकलमध्ये जाऊन अख्खी स्ट्रिप बघावी लागली.

मेटोप्रोलोलच्या स्ट्रिपने ही खटपट वसूल केली. समरीत '२५' एवढेच होते. स्ट्रिपवर लिहिले होते: मेटोप्रोलोल सक्सिनेट २३.७५ मिलिग्रॅम, मेटोप्रोलोल टार्ट्रेट २५ मिलिग्रॅमशी समतुल्य, एक्स्टेंडेड रिलीज. जर्मनीत सक्सिनेट क्षाराची गोळी २३.७५, ४७.५, ९५ याच आकड्यांनी विकली जाते. म्हणून अनुवादात 'मेटोप्रोलोलसक्सिनाट २३,७५, रिटार्ड' असे लिहून टार्ट्रेटचा आकडा कंसात दिला. जर्मनमध्ये दशांशाला स्वल्पविराम वापरतात, तो बदलही इथेच केला, रॅमिप्रिल २.५ तसेच २,५ झाले. 'रिटार्ड' हा शब्द गळाला असता तर दिवसातून एकदा घ्यायची सावकाश विरघळणारी गोळी साध्या गोळीने बदलली जाण्याचा धोका होता.

टॉर्सेमाइड हे लघवीचे औषध आपल्याकडे याच स्पेलिंगने लिहितात. आयएनएन आणि जर्मन नाव टोरासेमिड. समरीत त्यापुढे 'x ५ डी' होते, म्हणजे पाच दिवसच. ते दिवस संपून गेले होते. अनुवादात ते 'पाच दिवसांसाठी, डिस्चार्जच्या तारखेपासून' असे तारखेसह लिहिले, नाहीतर चालू औषध समजून ते पुढे रेटले गेले असते.

पहिला मोठा प्रश्न रात्रीच्या कॅप्सूलपाशी आला. यादीत एक नंबरला एक कॅप्सूल होती, नावापुढे 'गोल्ड १०'. स्ट्रिप पालथी केली तर आत तीन औषधे: ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, रोसुव्हास्टॅटिन १०. यादीत दोन नंबरला दुसऱ्या एका ब्रँडच्या नावाने साधी ॲस्पिरिन ७५, दुपारी एक. म्हणजे रुग्णाला रोज दीडशे मिलिग्रॅम ॲस्पिरिन जात होती, आणि छापील यादी वाचून ते लक्षात येणे अशक्य होते, कारण दोन्ही ठिकाणी ॲस्पिरिन हा शब्दच नव्हता. ब्रँडच्या जागी आयएनएन लिहिताच 'ॲसेटिलसॅलिसिलिक ॲसिड' ही ओळ टेबलात दोनदा आली.

ही दुप्पट मात्रा मुद्दाम दिलेलीही असू शकते. त्यामुळे अनुवादकाने ना ओळ गाळली, ना घरच्यांना गोळी बंद करायला सांगितले. 'डॉक्टरांना विचारेपर्यंत तुम्ही स्वतःहून काही थांबवू नका, वहिनी, मी आजच फोन करते,' एवढेच ती पत्नीला म्हणाली. रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरने फोनवरच उत्तर दिले: 'मॅडम, ती साधी गोळी ॲडमिशनच्या आधीची आहे. जुन्या यादीतून कॉपी झाली. आजपासून बंद करायला सांगा, पण कागद सरांच्या सहीशिवाय बदलून मिळणार नाही.' गोळी त्याच दिवशी थांबली. कागद मात्र थांबला.

दुसरा प्रश्न इन्सुलिनचा. छापील ओळ अशी: ह्यूमन प्रीमिक्स ३०/७०, २०यू – ० – १२यू, ए/एफ. ए/एफ म्हणजे आफ्टर फूड. सिस्टरच्या कन्नड चिठ्ठीत मात्र 'ऊटद मुंचे' होते. फार्मासिस्टने ती वाचताच बोट ठेवले: मुंचे म्हणजे आधी. मराठी वाचणाऱ्याला 'ऊटद नंतर' सहज कळले असते, कारण नंतर दोन्हीकडे एकच; मुंचे मात्र कन्नड येणाऱ्यालाच कळतो. पत्नीच्या वहीत जेवणाची नोंदच नव्हती. ती सिस्टरने तोंडी सांगितल्याप्रमाणे जेवणाआधी अर्धा तास देत होती, म्हणजे घरात बरोबर चालले होते आणि छापील कागद चुकीचा होता. बहुधा समरीच्या साच्यात प्रत्येक औषधापुढे ए/एफ आपोआप येत असावे.

'२०यू' मधला यूसुद्धा साधा नाही. हाताने लिहिलेला यू शून्यासारखा दिसतो आणि वीसचे दोनशे होतात. म्हणूनच औषधसुरक्षेच्या कामात युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा आग्रह असतो. जर्मनमध्ये तो 'आयनहाइटेन' असा अक्षरी लिहिला. शिवाय इन्सुलिनची तीव्रता समरीत कुठेच नव्हती. बाटलीचा फोटो मागवला. चाळीसची निघाली, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट, जी आपल्याकडे मेडिकलमध्ये सर्रास मिळते. जर्मनीत पेनमध्ये घालायचे काडतूस शंभरचे असते. मात्रा युनिटमध्ये लिहिली तर दोन्हीकडे वीस ती वीसच राहते. अनुवादात तीव्रतेची नोंद चौकोनी कंसात टाकली, 'अनुवादकाची नोंद, बाटलीच्या लेबलवरून' असे म्हणून, कारण ती मूळ कागदात नव्हती.

तिसरा निर्णय वेळांच्या रकान्याचा, आणि तो फसवा होता कारण ओळखीचा दिसत होता. १-०-१ ही पद्धत जर्मनीतही आहे. पण तिथल्या देशभर एकसारख्या औषध-आराखड्यात, जो २०१६ पासून तीन किंवा जास्त औषधे चालू असलेल्या रुग्णाला मागता येतो, चार रकाने असतात: सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि 'त्सुर नाख्ट', झोपताना. आपला तिसरा आकडा 'रात्री' असतो, आणि तो रात्रीच्या जेवणाचा की झोपेचा हे लिहिणाऱ्याच्या मनात असते. बेळगावात रात्रीचे जेवण नऊ-साडेनऊला. जर्मनीत संध्याकाळचे जेवण सहा-सातला. म्हणून नुसते आकडे न नेता प्रत्येक औषधापुढे शब्दात लिहिले: कॅप्सूल रात्रीच्या जेवणानंतर, इन्सुलिनचे १२ युनिट रात्रीच्या जेवणाआधी. 'ओडी' हे रोज एकदा असे उलगडले. इंग्लंडात त्याचा उजवा डोळा किंवा अतिमात्रा असाही अर्थ लागतो. जिभेखालच्या आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ५ मिलिग्रॅमपुढचे 'एसओएस' हे 'गरज पडल्यास, छातीत दुखल्यावर, जिभेखाली' असे झाले.

निदानाची ओळ पूर्ण जर्मनमध्ये उलगडली आणि मूळ लघुरूप कंसात ठेवले. एलएडी ही रक्तवाहिनी जर्मन कागदांत आरआयव्हीए या नावानेही येते, म्हणून दोन्ही दिले. ॲस्पिरिन ७५ ला मात्र हात लावला नाही. जर्मनीत कमी मात्रेची ॲस्पिरिन १०० मिलिग्रॅमची सर्रास मिळते आणि अनुवादकाला ते ठाऊक होते. तरीही ७५ चे १०० करणे हे अनुवादाचे काम नाही.

रुग्णालयाला चार प्रश्नांचे एक पान पाठवले: ॲस्पिरिनची दुसरी ओळ, इन्सुलिन जेवणाआधी की नंतर, इन्सुलिनची तीव्रता, आणि क्लोपिडोग्रेल 'एक वर्ष' म्हणजे स्टेंटच्या तारखेपासून का. उत्तर यायला सहा दिवस लागले. सल्लागार डॉक्टर परगावी होते. सातव्या दिवशी सही-शिक्क्याची सुधारित समरी मिळाली: साधी ॲस्पिरिन गेली, ए/एफचे 'जेवणाआधी ३० मिनिटे' झाले, इन्सुलिनच्या बाटलीची तीव्रताही आली, वर्ष स्टेंटच्या तारखेपासून. बाटलीवरची चौकोनी नोंद मग काढून टाकता आली.

शेवटची तपासणी मोठ्याने वाचून. फार्मासिस्टने सुधारित इंग्रजी कागदावरून प्रत्येक आकडा म्हटला, अनुवादकाने जर्मन प्रतीवरून उत्तर दिले, मग उलटे. चाळीस मिनिटे गेली. एक चूक सापडली: पँटोप्राझोल ४० हे टाइप करताना सकाळच्या रकान्याऐवजी दुपारच्या रकान्यात गेले होते. मनात वाचताना ते दोघांच्याही नजरेतून दोनदा सुटले होते.

निष्पत्ती

रुग्ण ठरल्या दिवशी गेला. तीन आठवड्यांनी पत्नीने तिकडच्या डॉक्टरने केलेल्या औषध-आराखड्याचा फोटो पाठवला. तीन औषधांची एकत्र कॅप्सूल मोडून तीन वेगळी औषधे झाली होती, ॲस्पिरिन १०० ची झाली होती, मेटोप्रोलोल २३,७५ रिटार्ड तसेच होते, टोरासेमिड नव्हते. इन्सुलिन पेनवर गेले होते, युनिट तीच, वीस आणि बारा.

पण एक प्रसंग निसटता घडला. पेन मिळेपर्यंत मध्ये चार दिवस होते. औषधाच्या दुकानातून शंभरची काडतुसे हातात आली होती, पेन यायचे होते, आणि पिशवीत बेळगावहून नेलेल्या लाल टोपणाच्या चाळीसच्या सिरिंज शिल्लक होत्या. पत्नीने काडतुसातून त्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढायचे ठरवले होते; नशिबाने आधी दुकानात जाऊन विचारले. चाळीसच्या सिरिंजवर वीसची खूण म्हणजे अर्धा मिलिलीटर. शंभरच्या इन्सुलिनचा अर्धा मिलिलीटर म्हणजे पन्नास युनिट, अडीचपट. दुकानातल्या बाईंनी सिरिंज काढून घेतल्या आणि पेन त्याच दिवशी मिळवून दिले. बेळगावहून नेलेल्या चाळीसच्या बाटल्या अजून शिल्लक होत्या. चार दिवस त्यांवर आणि त्यांच्याच सिरिंजवर भागले असते, पण ते कोणी सांगितलेच नव्हते.

वेगळे काय करता आले असते

जर्मन अनुवादात तीव्रता होती. पण घरात सिरिंज भरणारी व्यक्ती जर्मन वाचत नव्हती, आणि तिच्यासाठी एक ओळही लिहिली गेली नव्हती. सगळे लक्ष डॉक्टर काय वाचेल याकडे राहिले. आता त्याच अनुवादकाच्या कामात इन्सुलिन असेल तर मराठीत, किंवा घरची भाषा कन्नड असेल तर कन्नडमध्ये, एक पान वेगळे जाते: चाळीसची बाटली फक्त लाल टोपणाच्या सिरिंजने, काडतूस फक्त पेनने, आणि 'पॉइंट' सांगताना बाटलीवरचा आकडाही सांगायचा. आपल्याकडे युनिटला सरसकट पॉइंट म्हणतात, आणि परक्या देशात त्या शब्दाने समोरच्याला काहीच कळत नाही.

रुग्णालयाला प्रश्न उशिरा गेले, हेही खरे. स्ट्रिपांचे फोटो पहिल्याच दिवशी आले होते, ॲस्पिरिनची शंका दुसऱ्या दिवशी निघाली; पण चारही प्रश्न एकत्र पाठवायचे म्हणून लेखी पान चौथ्या दिवशी गेले. फोन आधी केला होता, त्यामुळे गोळी वेळेवर थांबली. सहीचा कागद मात्र विमानाच्या आदल्या दिवशी हातात पडला, आणि वाचून तपासण्याचे काम रात्री साडेदहाला संपले. पँटोप्राझोलची चूक त्या रात्री सापडली हे बरे झाले. तशा थकलेल्या वेळी ती सुटणेच जास्त संभवत होते.

कन्नड चिठ्ठीबद्दल एक मतभेद अजून आहे. फार्मासिस्टचे म्हणणे, तिचाही अनुवाद करून जोडायला हवा होता, कारण रुग्णाच्या हातात आलेला तोही कागदच. अनुवादकाने ती जोडली नाही: बिनसहीची, बिनतारखेची चिठ्ठी डॉक्टरांच्या समरीशेजारी ठेवली तर वाचणाऱ्यासमोर दोन सूचना येतात. सुधारित समरी वेळेत आली म्हणून हा प्रश्न टळला. आली नसती, तर छापील 'जेवणानंतर' आणि हाताने लिहिलेले 'जेवणाआधी' हे दोन्ही, कोणी लिहिले त्यासह, डॉक्टरसमोर ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.